रॅशनल फंक्शनचा आलेख हाताने कसा काढायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच फंक्शन घेतलंय:

f(x) = (x − 1)/x²

दिसायला ते साधं आहे, पण असिम्प्टोट, कमाल किंमत, इन्फ्लेक्शन पॉइंट असं सगळं त्यात सापडतं आणि आकडेही सुटसुटीत येतात. अवघड अपवादांसाठी शेवटच्या काही प्रश्नांत दुसरं फंक्शन घेतलंय.

१. आलेख काढायला बसलो की सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

छेदापासून. छेद शून्य कुठे होतो ते आधी शोधा, कारण तिथे फंक्शनला किंमतच नसते आणि आलेख तुटतो. आपल्या फंक्शनचा छेद x² आहे, म्हणजे x = 0 वर्ज्य. आलेखाचे दोन तुकडे पडणार, एक y-अक्षाच्या डावीकडे आणि एक उजवीकडे, हे पहिल्याच मिनिटाला ठरलं.

त्यानंतर अक्षांना छेदणारे बिंदू, मग दोन्ही टोकांना आलेख कुठे जातो ते, मग पहिल्या डेरिव्हेटिव्हची चिन्हं आणि शेवटी दुसऱ्याची. या क्रमाला कारण आहे. आधीच्या पायऱ्यांत फक्त बीजगणित लागतं आणि त्यातूनच आलेखाचा निम्मा आकार कळतो. मग डेरिव्हेटिव्हमध्ये चूक झाली तर ती त्या आकाराशी जुळत नाही आणि लगेच पकडता येते. थेट डेरिव्हेटिव्हवर उडी मारणाऱ्याच्या हातात असं ताडून बघायला काहीच नसतं.

एक अट मात्र सगळ्याच्या आधी: अंश आणि छेदात समान अवयव आहे का ते बघा. तो असेल तर काय होतं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. x = 0 ठेवलं तर किंमत येत नाही. मग y-अक्षावरचा बिंदू कोणता लिहू?

कोणताच नाही. x = 0 हे फंक्शनच्या प्रांतातच नसेल, तर आलेख y-अक्षाला छेदत नाही. उत्तरपत्रिकेत तसं स्पष्ट लिहावं, जागा कोरी सोडू नये.

x-अक्षावरचा बिंदू अंशातून मिळतो. x − 1 = 0, म्हणून (1, 0). इथेच फंक्शनचं स्वतःचं चिन्हही बघून घ्या. x² नेहमी धन असतो, म्हणून चिन्ह पूर्णपणे अंशावर ठरतं: x > 1 असताना आलेख अक्षाच्या वर, बाकी सगळीकडे खाली. ही एक ओळ लिहायला पाच सेकंद लागतात आणि पुढे ती फार उपयोगी पडते.

३. उभ्या असिम्प्टोटजवळ आलेख वर जातो की खाली, हे कसं ठरवायचं?

दोन्ही बाजूंची चिन्हं बघून. x = 0 च्या अगदी जवळ अंश −1 च्या आसपास असतो आणि छेद अगदी छोटी धन संख्या असते, मग x ऋण असो वा धन. ऋण भागिले छोटी धन संख्या म्हणजे मोठी ऋण संख्या. म्हणून आलेख y-अक्षाच्या दोन्ही बाजूंना खाली −∞ कडे जातो. पडताळा: f(−1) = −2 आणि f(1/2) सुद्धा −2.

एका बाजूला वर गेला की दुसऱ्या बाजूला खाली जाणारच, असं पुष्कळांच्या डोक्यात बसलेलं असतं, कारण शिकवताना पहिलं उदाहरण 1/x चं असतं. छेदातल्या अवयवाचा घात विषम असेल तर तसं होतं. घात सम असेल तर दोन्ही बाजू एकाच दिशेला जातात. आपल्याकडे घात 2 आहे.

४. आलेख असिम्प्टोटला कधीच छेदत नाही असं शिकलो होतो. इथे तर y = 0 हाच असिम्प्टोट आहे आणि आलेख (1, 0) मधून जातो. नक्की चूक कुठे आहे?

आलेखात चूक नाही, त्या नियमात आहे. उभ्या असिम्प्टोटला आलेख छेदू शकत नाही, कारण तिथे फंक्शनला किंमतच नसते. आडवा किंवा तिरका असिम्प्टोट मात्र फक्त टोकांविषयी बोलतो: x खूप मोठा किंवा खूप लहान झाला की आलेख कोणत्या रेषेला बिलगतो, एवढंच. मधल्या भागात आलेखाने ती रेषा ओलांडायला काहीही हरकत नाही.

आपल्या फंक्शनमध्ये छेदाची कोटी 2 आणि अंशाची 1, म्हणून दोन्ही टोकांना किंमत 0 कडे जाते. प्रश्न २ मधलं चिन्ह इथे उपयोगी येतं. उजव्या टोकाला आलेख अक्षाच्या वरून बिलगतो आणि डाव्या टोकाला खालून.

आता एक गोष्ट बघा. x = 1 पाशी आलेख अक्ष ओलांडून वर आला आणि पुढे पुन्हा अक्षाकडेच परत जायचं आहे. म्हणजे 1 च्या उजवीकडे कुठेतरी एक शिखर असणारच. डेरिव्हेटिव्ह अजून काढलेलं नाही, तरी हे ठरलं. मला हा सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो.

५. क्वोशंट रूल लावताना माझ्या चिन्हांचा घोळ होतो. सोपा मार्ग आहे का?

छेदात एकच पद असेल तर भागून टाका:

f(x) = 1/x − 1/x²

f′(x) = −1/x² + 2/x³ = (2 − x)/x³

f″(x) = 2/x³ − 6/x⁴ = 2(x − 3)/x⁴

क्वोशंट रूलने हेच येतं, पण मधे x⁴ छेदात येतो आणि अंशातला एक x काढून टाकावा लागतो. तो काढला नाही तरी उत्तर चूक नसतं. दुसरं डेरिव्हेटिव्ह मात्र विनाकारण अवजड होतं. म्हणून प्रत्येक पायरीला अवयव पाडा आणि समान अवयव काढून टाका. आपल्याला हवं असतं ते चिन्ह, आणि चिन्ह अवयवांतूनच वाचता येतं.

६. f′(x) = 0 सोडवून x = 2 मिळालं. मग 2 च्या आधी वाढतं आणि नंतर घटतं असं लिहिलं, तरी गुण कापले. का?

कारण तुमच्या म्हणण्याप्रमाणे x = −1 जवळही फंक्शन वाढायला हवं, आणि तसं होत नाही. f(−2) = −3/4 आणि f(−1) = −2, म्हणजे तिथे ते घटतंय.

डेरिव्हेटिव्हचं चिन्ह दोन प्रकारच्या जागी बदलू शकतं: ते शून्य होतं तिथे, आणि त्याचा छेद शून्य होतो तिथे. f′(x) = (2 − x)/x³ मध्ये अंश 2 पाशी चिन्ह बदलतो आणि छेद 0 पाशी. संख्यारेषेवर दोन्ही खुणा कराव्या लागतात, म्हणून भाग दोन नव्हे, तीन पडतात. x < 0 असताना 2 − x धन आणि x³ ऋण, म्हणून f′ ऋण. 0 आणि 2 च्या मधे दोन्ही धन, म्हणून f′ धन. 2 च्या पुढे अंश ऋण, म्हणून f′ ऋण.

माझ्याकडे येणाऱ्या चुकीच्या आलेखांत ही चूक सर्वांत जास्त दिसते. असिम्प्टोट सुरुवातीला बरोबर शोधलेला असतो, पण चिन्हांच्या तक्त्यात तो टाकायचा राहतो.

आणखी एक काळजी. x = 0 पाशीही f′ ऋणाचा धन झाला, म्हणून तिथे किमान किंमत आहे असं लिहू नका. त्या x ला आलेखावर बिंदूच नाही. कमाल किंमत मात्र खरी आहे: f(2) = 1/4.

७. इन्फ्लेक्शन पॉइंट आलेखात डोळ्यांना दिसतच नाही. तो खरंच आहे का, आणि काढायचा कसा?

आहे, आणि असायलाच हवा. शिखरापाशी आलेख उपड्या वाटीसारखा वाकलेला असतो. तो तसाच वाकत राहिला तर आणखी आणखी तीव्र उतरत x-अक्ष ओलांडून खाली जाईल. पण 1 च्या पुढे त्याला अक्षाच्या वरच राहायचं आहे आणि हळूहळू सपाट व्हायचं आहे. त्यासाठी वाटी कुठेतरी उताणी व्हावीच लागते.

f″(x) = 2(x − 3)/x⁴ ती जागा सांगतं. छेदातला x⁴ नेहमी धन, म्हणून चिन्ह फक्त x = 3 पाशी बदलतं. त्याआधी ऋण (y-अक्षाच्या डावीकडेही ऋणच), नंतर धन. बिंदू (3, 2/9).

शिखराची उंची 0.25 आणि या बिंदूची साधारण 0.222, म्हणून वहीत दोन्ही जवळजवळ एकाच पातळीवर येतात आणि फरक हरवतो. इथे स्पर्शिकेची मदत घ्या. x = 3 पाशी चढ f′(3) = −1/27 आहे, म्हणून स्पर्शिका (3, 2/9) पासून निघून x-अक्षाला x = 9 ला भेटते. ती पेन्सिलीने हलकी ओढा. 3 च्या डावीकडे आलेख तिच्या किंचित खाली राहतो आणि उजवीकडे वर. उदाहरणार्थ x = 6 ला स्पर्शिकेची उंची 1/9, म्हणजे सुमारे 0.111, तर आलेखाची 5/36, म्हणजे सुमारे 0.139. आलेख स्पर्शिकेला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ओलांडतो, आणि तेच तुम्हाला कागदावर दाखवायचं असतं. शिखरानंतरचा उतार याच बिंदूपाशी सर्वांत तीव्र असतो. पुढे तो मंदावतो.

८. सगळी माहिती मिळाली. आता प्रत्यक्ष रेषा ओढायची कशी, आणि ती बरोबर आहे हे कळणार कसं?

आधी सगळं एका तक्त्यात आणा:

| भाग | f′ | f″ | आलेख |
|---|---|---|---|
| x < 0 | − | − | उतरतो, वाटी उपडी |
| 0 < x < 2 | + | − | चढतो, वाटी उपडी |
| 2 < x < 3 | − | − | उतरतो, वाटी उपडी |
| x > 3 | − | + | उतरतो, वाटी उताणी |

डावा तुकडा डावीकडच्या टोकाला अक्षाच्या जरा खालून निघतो, उतरत (−1, −2) मधून जातो आणि y-अक्षाला लागून खाली जातो. उजवा तुकडा y-अक्षालगत खोलातून वर येतो, (1, 0) पाशी अक्ष ओलांडतो, (2, 1/4) ला शिखर गाठतो, (3, 2/9) पाशी वाक बदलतो आणि अक्षाच्या वरून सपाट होत जातो.

दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घेतलं तर शिखर मुंगीएवढं दिसेल. y-अक्षावर प्रमाण मोठं घ्या आणि ते शेजारी लिहा. आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्येही हीच अडचण येते. ठरावीक खिडकीत दोन्ही अक्षांवर साधारण −10 ते 10 दिसतं, आणि त्यात 0.25 उंचीचं शिखर अक्षाला चिकटलेलं वाटतं. "सॉफ्टवेअरमध्ये शिखर नाही, मग माझं चुकलं का?" असं विचारणाऱ्यांनी y ची खिडकी −1 ते 0.5 करून बघावी.

पडताळ्यासाठी डेरिव्हेटिव्ह न वापरणारी एक रीत आहे. आडवी रेषा y = k आलेखाला किती ठिकाणी छेदते ते मोजायचं. (x − 1)/x² = k म्हणजे kx² − x + 1 = 0. k शून्य नसेल तर हे वर्गसमीकरण आहे आणि त्याचा विवेचक 1 − 4k. तो ऋण नसण्यासाठी k ची किंमत जास्तीत जास्त 1/4 असू शकते, म्हणजे शिखराची उंची बरोबर आली. k ऋण असेल तर दोन मुळांचा गुणाकार 1/k ऋण येतो, म्हणजे एक छेदनबिंदू y-अक्षाच्या डावीकडे आणि एक उजवीकडे. तुमच्या आलेखावर y = −2 ही रेषा ओढून बघा: x = −1 आणि x = 1/2. k = 0 ला समीकरण एकघाती होतं आणि एकच बिंदू मिळतो. छेदाची कोटी 2 पेक्षा जास्त असेल तर ही रीत सहसा इतकी सोपी राहत नाही, पण जिथे चालते तिथे तिच्यासारखा पडताळा नाही.

९. परीक्षेत (x² − 3x + 2)/(x³ − 2x²) आलं. मी x = 2 ला उभा असिम्प्टोट काढला, तो चूक ठरवला. छेद तर शून्य होतो ना?

होतो, पण अंशही होतो. अवयव पाडले तर (x − 1)(x − 2) भागिले x²(x − 2) असं दिसतं. x = 2 सोडून बाकी सगळीकडे हे आपलंच फंक्शन आहे, (x − 1)/x². त्यामुळे 2 जवळ आलेख अनंताकडे धावत नाही, 1/4 कडे शांतपणे जातो. फक्त तो एक बिंदू आलेखात नाही. तिथे पोकळ वर्तुळ काढतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे. वगळलेला बिंदू नेमका शिखराचा आहे. म्हणून या फंक्शनला कमाल किंमतच नाही. किंमत 1/4 च्या हवी तेवढी जवळ जाते, पण 1/4 होत नाही. "x = 2 ला लोकल मॅक्सिमम" असं लिहिलं तर ते चूक ठरेल. म्हणून समान अवयव काढताना तो कोणत्या x ला शून्य होता ते शेजारी लिहून ठेवा, आणि शेवटच्या तक्त्यातून तो x वगळा.

समान अवयव काढल्यानंतरही छेदात जो अवयव उरतो, तो शून्य होतो तिथे मात्र उभा असिम्प्टोट असतो. या उदाहरणात x चं तसं आहे.

१०. अंशाची कोटी छेदापेक्षा जास्त असेल तर काय करायचं?

भागाकार. x³/(x² − 3) घ्या. भागल्यावर भागाकार x आणि बाकी 3x:

x³/(x² − 3) = x + 3x/(x² − 3)

टोकांना दुसरं पद शून्याकडे जातं, म्हणून y = x हा तिरका असिम्प्टोट. आलेख त्याच्या वर आहे की खाली, तेही त्याच पदाच्या चिन्हावरून कळतं: उजव्या टोकाला वर, डाव्या टोकाला खाली. आणि ते पद x = 0 ला शून्य होतं, म्हणून आरंभबिंदूपाशी आलेख या रेषेला छेदतो. त्याला हरकत का नाही ते प्रश्न ४ मध्ये आलंय.

कोटींतला फरक बरोबर 1 असेल तरच तिरकी रेषा मिळते. फरक 2 किंवा जास्त असेल तर टोकांना आलेख एखाद्या वक्राला बिलगतो, सरळ रेषेला नाही. रॅशनल फंक्शनला एकाच वेळी आडवा आणि तिरका असे दोन्ही असिम्प्टोट असू शकत नाहीत. दोन्ही टोकांना रेषाही एकच असते.

११. याच फंक्शनचं f′ तीन ठिकाणी शून्य होतं, पण शिक्षकांनी टोकाच्या किमती दोनच सांगितल्या. तिसरीचं काय झालं?

f′(x) = x²(x² − 9)/(x² − 3)². शून्य होतं ते −3, 0 आणि 3 ला. पण 0 पाशी x² हा अवयव आहे आणि तो चिन्ह बदलत नाही. 0 च्या दोन्ही बाजूंना f′ ऋणच. आलेख उतरत येतो, क्षणभर सपाट होतो आणि पुढे उतरतच जातो. f′ शून्य होणं पुरेसं नाही, त्याने चिन्ह बदलावं लागतं.

प्रश्न ६ मध्ये छेदाच्या मुळांची खूण करायला सांगितलं होतं. ती इथेही करा, म्हणजे ±√3 ला. इथे छेदाचा घात सम असल्यामुळे चिन्ह बदलत नाही, पण आलेख तुटतो. म्हणून "−3 पासून 3 पर्यंत घटतं" असं एका दमात लिहिणं चूक आहे: f(−2) = −8 आणि f(2) = 8. तीन वेगळ्या भागांत घटतं असं लिहा.

याच आलेखात लोकल मॅक्सिमम −4.5 (x = −3 ला) आणि लोकल मिनिमम 4.5 (x = 3 ला) येतो. कमाल किंमत किमानापेक्षा लहान बघून पुष्कळ जण गणित खोडून पुन्हा सुरू करतात. त्याची गरज नाही. दोन्ही बिंदू आलेखाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर आहेत, आणि लोकल म्हणजे फक्त आसपासच्या किमतींशी तुलना.

१२. दुसरं डेरिव्हेटिव्ह तीन जागी चिन्ह बदलतं. मग इन्फ्लेक्शन पॉइंट तीन ना?

एकच. f″(x) = 6x(x² + 9)/(x² − 3)³. चिन्ह −√3, 0 आणि √3 या तिन्ही जागी बदलतं, कारण छेदाचा घात 3, म्हणजे विषम आहे. पण ±√3 ला उभे असिम्प्टोट आहेत. तिथे वाक बदलतो हे खरं, तरी तिथे आलेखावर बिंदूच नसेल तर इन्फ्लेक्शन पॉइंट कुठून असणार? उरतो (0, 0), म्हणजे प्रश्न ११ मधली तीच सपाट जागा.

उलट बाजूनेही फसगत होते. f″ शून्य झालं पण चिन्ह बदललं नाही, तर तोही इन्फ्लेक्शन पॉइंट नाही; y = x⁴ चं x = 0 ला तसंच होतं.

x² + 9 या अवयवाला वास्तव मूळ नाही, तो नेहमी धन असतो, म्हणून तक्त्यात त्याची खूण करायची नाही. छेदाचा घन मोकळा करून पसरवू नका. पसरवला की सहाव्या घाताची बहुपदी समोर येते आणि तिच्यातून चिन्ह वाचणं जवळजवळ अशक्य होतं.

१३. दुसरं डेरिव्हेटिव्ह फारच किचकट येत असेल आणि वेळ कमी असेल तर ते सोडून दिलं तर चालेल का?

प्रश्नात इन्फ्लेक्शन पॉइंट मागितला असेल तर नाही. मागितला नसेल, तर प्रश्न ७ मधल्या युक्तिवादाने तो कुठल्या भागात असणार ते सांगता येतं: शिखरानंतर आलेख अक्षाच्या वर राहूनच त्याला बिलगत असेल, तर त्या शिखराच्या पुढे वाक बदलणारच. नेमकी जागा न लिहिता वळण त्या बाजूला दाखवलं तर आकार बरोबर राहतो. फक्त या मार्गाने कमीत कमी एक इन्फ्लेक्शन पॉइंट आहे एवढंच सिद्ध होतं. तो एकच आहे असं लिहायचं असेल तर f″ च्या अंशाची मुळं मोजावीच लागतात.